सक्रियण ऊर्जा ४५ आली, उत्तर १०३.६ छापलंय: चूक नेमकी कुठे शोधायची

बारावीच्या आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची रासायनिक गतिकीची गणितं मी बरीच वर्षं तपासतोय. दोन तापमानांचे वेग-स्थिरांक देऊन सक्रियण ऊर्जा काढायला सांगणारं गणित आलं, की वह्यांमध्ये चुकीची उत्तरं येतात आणि तीही दर वर्षी तीच. इतकी तीच, की आता मी आधी पायऱ्या वाचत नाही. शेवटचा आकडा बघतो आणि चूक कुठल्या ओळीत असेल ते सांगतो. यात जादू काही नाही. या गणितात बहुतेक चुका उत्तराला एका ठरावीक पटीने बिघडवतात, त्यामुळे चुकलेलं उत्तरच चूक कुठे आहे ते सांगतं.

सगळं एकाच उदाहरणावर बघू. डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, म्हणजे N₂O₅, या वायूच्या विघटनाचे आकडे डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आजही पुस्तकांतून तेच फिरतात. २५ अंश सेल्सिअसला वेग-स्थिरांक (वर्गात आपण रेट कॉन्स्टंट म्हणतो तो) ३.४६ × १०⁻⁵ प्रति सेकंद आहे आणि ६५ अंशांना ४.८७ × १०⁻³ प्रति सेकंद. वापरायचं सूत्र आर्हेनियसचंच, फक्त मी ते नेहमी असं मांडतो:

```
Ea = R × ln(k2/k1) × (T1 × T2) / (T2 − T1)

R = 8.314 J K⁻¹ mol⁻¹
T1 = 298 K,  T2 = 338 K
ln(k2/k1) = ln(140.75) = 4.947
Ea = 8.314 × 4.947 × 100724 / 40 = 103,570 J mol⁻¹
```

म्हणजे १०३.६ किलोज्यूल प्रति मोल. कोणी २७३ ऐवजी २७३.१५ मिळवलं तर १०३.७ येतं. तेवढ्या फरकासाठी भांडू नका.

लक्षणं

याच गणिताची वह्यांमध्ये मला सापडलेली उत्तरं, किलोज्यूलमध्ये:

- ४५.० : लॉग दहाच्या पायाचा घेतला, २.३०३ विसरलं
- २३८.५ : ln घेतला आणि वर २.३०३ नेही गुणलं
- १.६७ : तापमान सेल्सिअसमध्येच राहिलं
- १२.५ : R ने गुणायचं राहून गेलं
- २४.८ : R = १.९८७ घेतला, म्हणजे उत्तर कॅलरीत आलं आणि पुढे ज्यूल लिहिलं
- १.०२ : R = ०.०८२१ घेतला
- ८९.३ : लॉग टेबलमधला ‘बार’ चुकला
- १८९ : एक स्थिरांक प्रति सेकंद, दुसरा प्रति मिनिट
- उणे १०३.६ : जोड्या उलट लागल्या
- १,०३,५७० किलोज्यूल : हजाराने भागायचं राहिलं

तुमचं गणित वेगळं असलं तरी पहिल्या सहा चुका आणि शेवटची हजारपटीची चूक ओळखता येते. छापलेलं उत्तर आणि तुमचं उत्तर यांपैकी मोठ्याला लहानाने भागा. २.३, ८.३, ४.२, १०१ किंवा १००० यांपैकी काही आलं तर बाकीचं गणित बरोबर आहे असं समजून थेट त्या पायरीवर जा. सेल्सिअसचा भागाकार मात्र गणितागणिक बदलतो. या गणितात तो ६२ आहे. आता तपासण्या, सर्वांत स्वस्त असलेल्यापासून.

आधी चिन्ह आणि जोड्या

याला दहा सेकंदं लागतात आणि पेनही उचलावं लागत नाही. मोठा स्थिरांक मोठ्या तापमानासमोर आहे का? ४.८७ × १०⁻³ समोर ३३८ आहे ना? घातांक उणे असले की मुलांची नजर फसते. ‘पाच मोठा की तीन’ या गडबडीत १०⁻⁵ हा मोठा ठरतो आणि k१ आणि k२ ची अदलाबदल होते, पण तापमानं मात्र जागच्या जागी राहतात. दोन्ही अदलाबदली एकत्र झाल्या तर उत्तर बिघडत नाही. एकच झाली की चिन्ह उलटतं.

उणे चिन्ह आलं की ते खोडरबराने पुसून टाकणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका. दिलेल्या आकड्यांतच तापमान वाढल्यावर k कमी होत असेल तर उणे उत्तर खरं असू शकतं. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनण्याची क्रिया तापमान वाढलं की मंदावते, आणि तिची मोजलेली सक्रियण ऊर्जा उणे येते, कारण ती एका टप्प्यात घडणारी साधी क्रिया नाही. म्हणून आधी जोड्या बघा, मग चिन्हाबद्दल बोला.

स्थिरांकाऐवजी अर्धायुकाल दिला असेल तर हीच चूक वेगळ्या वेषात येते. पहिल्या कोटीच्या क्रियेत k जितका मोठा तितका अर्धायुकाल छोटा, म्हणून k२/k१ च्या जागी t१/t२ येतं, उलट नव्हे.

मग केल्विन

तापमानांची वजाबाकी सेल्सिअसमध्येही ४० आणि केल्विनमध्येही ४०. म्हणूनच ‘फरकच तर घ्यायचाय, कशाला २७३ मिळवा’ असं वाटतं. घोटाळा होतो तो गुणाकारात. २९८ × ३३८ म्हणजे १,००,७२४. २५ × ६५ म्हणजे जेमतेम १,६२५. उत्तर ६२ पट खाली येतं ते इथे. सूत्र वरच्यासारखं मांडायचं मी सांगतो त्याचं एक कारण हेच: गुणाकार डोळ्यांसमोर असतो आणि तो लाखाच्या आसपास नसला (नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या तापमानांना), तर लगेच खटकतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पुस्तकात बहुतेक वेळा (1/T1 − 1/T2) असं लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण मुलं दोन्ही भागाकार चार दशांश स्थळांवर आटोपतात. समजा तापमानं २९८ आणि ३०८ केल्विन आहेत. १/२९८ चे ०.००३४ झाले, १/३०८ चे ०.००३२ झाले, वजाबाकी ०.०००२. खरी वजाबाकी ०.०००१०९ आहे. म्हणजे वजाबाकी जवळजवळ दुप्पट आणि सक्रियण ऊर्जा जवळजवळ निम्मी. पायऱ्या सगळ्या बरोबर, सूत्र बरोबर, आणि उत्तर १०४ च्या जागी ५७. अशी वही तपासताना मलाही दोनदा बघावं लागतं. जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी करताना पुढचे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि तुम्ही फेकून दिलेले मागचे अंकच उरायला हवे असतात. (T2 − T1) आधी काढलं की ही भानगडच उरत नाही.

लॉग: दहाचा की नैसर्गिक

सर्वांत धोकादायक चूक ही. १.६७ बघून कोणालाही शंका येईल, पण ४५ किलोज्यूल हे अगदी शोभणारं उत्तर आहे. कितीतरी क्रियांची सक्रियण ऊर्जा खरोखर तेवढी असते. म्हणून ते वहीत सुखाने राहतं.

नियम सोपा आहे: ln असेल तर २.३०३ नको, log असेल तर हवा. चूक होते ती साधनामुळे. कॅल्क्युलेटरवर `log` म्हणजे दहाचा पाया आणि `ln` म्हणजे नैसर्गिक. एक्सेलमध्ये `=LOG()` दहाचा, `=LN()` नैसर्गिक. पण पायथनमध्ये `math.log()` हा नैसर्गिक लॉग आहे! जर्नलचं गणित एक्सेलवरून पायथनमध्ये हलवणारी मुलं इथे हमखास २.३०३ चं शेपूट तसंच ठेवतात आणि २३८.५ घेऊन येतात. शंका आली तर १० चा लॉग काढून बघा. १ आला तर दहाचा पाया, २.३०३ आला तर नैसर्गिक.

बोर्डाच्या परीक्षेसाठी लॉग टेबल वापरणाऱ्यांचा त्रास वेगळाच. ४.८७ × १०⁻³ चा लॉग ‘तीन बार पॉइंट ६८७५’ आणि ३.४६ × १०⁻⁵ चा ‘पाच बार पॉइंट ५३९१’. बार फक्त डावीकडच्या आकड्यावर आहे; दशांशानंतरचा भाग धन आहे. म्हणून वजाबाकी दोन भागांत करायची: ०.६८७५ उणे ०.५३९१ म्हणजे ०.१४८४, आणि उणे तीन उणे उणे पाच म्हणजे दोन. एकूण २.१४८४. ज्यांनी हे आकडे सरळ उणे ३.६८७५ आणि उणे ५.५३९१ असे धरले त्यांना १.८५१६ मिळतं आणि उत्तर ८९.३ वर जातं. हेही शोभणारं उत्तर, म्हणून हेही सापडत नाही. माझा सल्ला: टेबल उघडण्याआधी भागाकार करून टाका. ४.८७ भागिले ३.४६ म्हणजे १.४०७५, घातांकांचा फरक दोन, म्हणजे १४०.७५. एकापेक्षा मोठ्या आकड्याला बार लागतच नाही.

दोन्ही k एकाच एककात आहेत का

वेग-स्थिरांकाचं एकक उत्तरात येत नाही, कारण भागाकारात ते कटतं. ‘मग त्याकडे कशाला बघायचं’ असं म्हणून मुलं पुढे जातात. पण ते कटतं ते दोन्हीकडे सारखं असेल तरच. ६५ अंशांचा आकडा ०.२९२ प्रति मिनिट असा दिला आणि २५ अंशांचा प्रति सेकंद, तर गुणोत्तर साठपट फुगतं. साठचा नैसर्गिक लॉग ४.०९ आहे, तो सरळ ४.९५ मध्ये मिळतो आणि सक्रियण ऊर्जा १८९ होते. ही चूक पटीत येत नाही, बेरजेत येते. म्हणून सुरुवातीला सांगितलेला भागाकार इथे कामाचा नाही. आकड्यांशेजारचं एककच वाचावं लागतं.

याच्या उलट, काही जण उत्तराच्या शेवटी ‘प्रति सेकंद’ चिकटवतात. क्रिया पहिल्या कोटीची असो की दुसऱ्या, सक्रियण ऊर्जेच्या एककात सेकंदही येत नाही आणि लिटरही नाही.

आता उत्तराचं एकक

ही तपासणी मुलं सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईत करतात, किंवा छापलेलं एकक बघून लिहितात. एकक लिहायचं नसतं, ते काढायचं असतं. सूत्रात एकेक तुकडा ठेवा: R चं एकक ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल. लॉगला एकक नाही. T1 × T2 म्हणजे केल्विनचा वर्ग, भागिले केल्विन, म्हणजे केल्विन उरला. R मधला ‘प्रति केल्विन’ याच्याशी कटला. हाती राहिलं ज्यूल प्रति मोल.

```
(J K⁻¹ mol⁻¹) × (1) × (K² / K) = J mol⁻¹
```

ही एक ओळ तीन चुका पकडते. हाती नुसता केल्विन उरला तर R राहून गेलाय. १२.५ वाल्यांचं हेच होतं: त्यांनी काढलेला आकडा १२,४५७ केल्विन असतो, म्हणजे Ea/R, आणि ते त्याच्यापुढे ज्यूल लिहून हजाराने भागून मोकळे होतात. आलेखावरून उतार काढणाऱ्यांनाही हाच सापळा असतो. Ln k आणि 1/T च्या आलेखाचा उतार केल्विनमध्ये असतो, ज्यूलमध्ये नव्हे. दुसरं, हाती लिटर-ॲटमॉस्फिअर प्रति मोल उरलं तर वायूंच्या प्रकरणातला ०.०८२१ चुकून आलाय. तो R ‘चुकीचा’ नाही. १,०२३ लिटर-ॲटमॉस्फिअरला १०१.३ ने गुणा, पुन्हा १,०३,६०० च्या आसपास ज्यूल मिळतील. तिसरं, १.९८७ घेतला असेल तर कॅलरी उरते, २४.८ किलोकॅलरीला ४.१८४ ने गुणलं की १०३.६ परत येतात.

किलोज्यूलची चूक मात्र या ओळीने सापडत नाही, ती नजरेनेच पकडावी लागते. ‘१०३.६ ज्यूल प्रति मोल’ असं उत्तर मी छापील प्रश्नसंचातही बघितलंय. इतका छोटा अडथळा असता तर तापमान वाढवून k मध्ये जवळपास फरकच पडला नसता. इथे तर तो १४० पट झालाय.

उत्तर उलटं चालवून बघा

वरचं सगळं झालं आणि तरी खात्री वाटत नसेल तर दोन गोष्टी करा. पहिली तोंडी आहे. खोलीच्या तापमानाजवळ दहा अंशांनी k दुप्पट होत असेल तर सक्रियण ऊर्जा सुमारे ५३ किलोज्यूल असते. चौपट होत असेल तर याच्या दुप्पट, कारण चारचा लॉग दोनच्या लॉगच्या दुप्पट. आपल्या वायूचा ३५ अंशांचा स्थिरांक १.३५ × १०⁻⁴ आहे, म्हणजे २५ अंशांच्या ३.९ पट. तर उत्तर १०६ च्या किंचित खाली यायला हवं. ४५ ला इथेच नापास करता येतं.

दुसरीला कॅल्क्युलेटर लागतो आणि तिसरं तापमान लागतं, पण हिच्याइतकी भरवशाची तपासणी मला माहीत नाही. काढलेली सक्रियण ऊर्जा घेऊन ४५ अंशांचा k काढा. १०३.६ घेऊन तो ४.८० × १०⁻⁴ येतो. मोजलेला आहे ४.९८ × १०⁻⁴. चार टक्क्यांचा फरक, म्हणजे छान. ४५.० घेऊन १.०८ × १०⁻⁴ येतो, मोजलेल्याच्या पाव हिश्श्याहून कमी. बारच्या चुकीचे ८९.३ घेतले तर ३.३ × १०⁻⁴. सहज लपून राहणारी ती दोन्ही उत्तरं इथे उघडी पडतात. एक सावधगिरी: सुरुवातीच्याच दोन तापमानांवर हा पडताळा घेतला, आणि तोही त्याच चुकीच्या सूत्राने, तर चूक स्वतःलाच दुजोरा देते. म्हणून तिसरं तापमान.

कुठे थांबायचं

गणित पुस्तकातलं असेल, वरचं सगळं नीट जुळत असेल आणि तरी छापलेलं उत्तर वेगळं असेल, तर चौथ्यांदा सोडवू नका. छापलेलं उत्तर चुकलेलं असू शकतं. तुमची एककाची ओळ आणि तिसऱ्या तापमानाचा पडताळा घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे जा. पाच मिनिटांत निकाल लागेल.

आकडे तुमच्या स्वतःच्या प्रयोगाचे असतील तर गोष्ट वेगळी. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यामुळे दोन तापमानांवरून काढलेलं उत्तर चुकीचं असलं तरी चुकीचं दिसत नाही. दोन तापमानांत दहाच अंशांचं अंतर असेल आणि त्यातलं एक जरी एका अंशाने चुकलं असेल, तरी उत्तर सुमारे दहा टक्क्यांनी हलतं. अंतर चाळीस अंशांचं असेल तर तीच चूक अडीच टक्क्यांवर येते. तेव्हा गणित पुन्हा तपासण्याआधी प्रयोगशाळेतल्या जबाबदार माणसाला गाठा, पाण्याच्या कुंडीत दुसरा थर्मामीटर बुडवून बघा, आणि शक्य असेल तर पाच तापमानांवर वाचनं घ्या. ln k आणि 1/T चा आलेख वाकडा आला तर एकच सक्रियण ऊर्जा काढण्यात अर्थ नाही. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग ३७ आणि ७० अंशांवर करून ‘उणे’ सक्रियण ऊर्जा आणणाऱ्यांचं असंच झालेलं असतं. तिथे विकर स्वतःच बिघडलेलं असतं.

आणि जे हे गणित नोकरीत करतात, त्यांच्यासाठी. औषध शेल्फवर किती टिकेल किंवा रिॲक्टरमधली उष्णता आवाक्याबाहेर कधी जाईल, हे दोन तापमानांच्या स्थिरांकांवरून ठरवू नका. सक्रियण ऊर्जा घातांकात बसते. १०३.६ च्या जागी ९३ धरली आणि २५ ते ६५ अंशांच्या आकड्यांवरून शंभर अंशांपलीकडे उडी मारली, तर वेगाचा अंदाज दुपटीहूनही जास्त चुकू शकतो. ते काम स्थिरता-चाचणी किंवा प्रक्रिया-सुरक्षेच्या माणसाचं आहे, आणि तो तुमच्याकडे सर्वांत आधी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तापमानाची वाचनं मागेल.